आठ वर्षं आणि सत्तर टक्के

2012 च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या फीनिक्स शहरात निसान लीफ चालवणाऱ्या काही लोकांच्या लक्षात आलं, की गाडीच्या पडद्यावरची एक बारीक पट्टी नाहीशी झाली आहे. लीफच्या पडद्यावर चार्ज दाखवणाऱ्या पट्ट्यांच्या बाजूला आणखी 12 लहान पट्ट्या असत. बॅटरीत आत्ता किती वीज आहे, याच्याशी त्यांचा संबंध नव्हता. बॅटरी काठोकाठ भरली तर तिच्यात एकूण किती वीज मावेल, ते त्या सांगत. गाड्या जेमतेम दीड-दोन वर्षांच्या होत्या. वाळवंटातल्या उन्हात काहींच्या दोन, काहींच्या तीन पट्ट्या गेल्या होत्या.

गाडीच्या बॅटरीला 8 वर्षं किंवा 1 लाख मैलांची वॉरंटी होती. मालक कागद घेऊन गेले तेव्हा त्यांना कळलं, की ती वॉरंटी बॅटरीतल्या दोषासाठी होती. साहित्य खराब निघालं, जोडणी चुकली, बॅटरी बंद पडली, तर कंपनी जबाबदार. वापराने आणि काळाने क्षमता हळूहळू कमी होणं मात्र त्यातून वगळलेलं होतं, आणि तसं छापलेलंही होतं. प्रकरण न्यायालयात गेलं. डिसेंबर 2012 मध्ये निसानने वेगळी हमी जाहीर केली. 5 वर्षं किंवा 60,000 मैलांच्या आत पट्ट्या 9 पेक्षा कमी झाल्या, तर बॅटरी दुरुस्त करून किंवा बदलून किमान 9 पट्ट्या परत आणून देऊ, असं तिचं स्वरूप होतं. 2011 आणि 2012 च्या जुन्या गाड्यांनाही ती लागू झाली. आज भारतातल्या गाडीच्या पुस्तिकेत ‘8 वर्षं, 1,60,000 किलोमीटर, 70 टक्के’ असं वाचायला मिळतं, त्यातल्या तिसऱ्या आकड्याचा उगम समजून घ्यायचा तर फीनिक्सपासून सुरुवात करावी लागते.

आठ वर्षांची वॉरंटी आणि सत्तर टक्क्यांची वॉरंटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली बॅटरी बिघडण्याबद्दल आहे, दुसरी बॅटरी थकण्याबद्दल. जाहिरातीत बहुधा पहिलीच मोठ्या अक्षरांत असते. म्हणून गाडी बुक करण्याआधी शोरूममधून वॉरंटीची पुस्तिका मागून घ्यावी आणि तिच्यात क्षमतेची टक्केवारी लिहिलेली आहे का, ते शोधावं. नुसतं ‘8 वर्षं बॅटरी वॉरंटी’ असेल आणि क्षमतेबद्दल एक ओळही नसेल, तर थकलेल्या बॅटरीबद्दल कंपनीने काहीच कबूल केलेलं नाही, असं धरून चालावं. स्कूटरवाल्यांनीही हे पाहायला हवं. एथर कंपनीने आपल्या वाढीव वॉरंटीचं नावच ‘एट सेव्हन्टी’ ठेवलं आहे, म्हणजे 8 वर्षं किंवा 80,000 किलोमीटरपर्यंत 70 टक्के. पण ती वेगळे पैसे देऊन घ्यावी लागते. गाडीबरोबर आपोआप काय मिळतं आणि जादा पैशांत काय, हे बिल फाडण्याआधी विचारून घेतलेलं बरं.

आता सत्तर टक्के म्हणजे प्रत्यक्षात काय, ते एका उदाहरणावरून पाहू.

समजा पुण्यातल्या एका कुटुंबाने 40 युनिटची, म्हणजे 40 किलोवॉट-तास क्षमतेची बॅटरी असलेली गाडी घेतली. वीजबिलात ज्याला आपण युनिट म्हणतो, तेच हे युनिट. त्यांच्या चालवण्याच्या पद्धतीत गाडी एका युनिटवर 7 किलोमीटर जाते. नवी असताना पूर्ण भरली की 280 किलोमीटर. सातारा 110-115 किलोमीटरवर आहे, म्हणजे सकाळी निघून, नातेवाइकांकडे जेवून, वाटेत कुठेही चार्जिंग न करता संध्याकाळी घरी, आणि वर 50 किलोमीटर शिल्लक. आता सातव्या वर्षी बॅटरी 71 टक्क्यांवर आली आहे असं धरा. 40 युनिटची जागा 28.4 युनिटने घेतली. पूर्ण भरल्यावर गाडी 199 किलोमीटर जाते. साताऱ्याची जाऊन-येऊन फेरी आता एका चार्जमध्ये होत नाही. वाटेत थांबावंच लागतं, शिवाय चार्जर रिकामा मिळेल की नाही याची धाकधूक म्हणून कोणी पार शून्यापर्यंत जात नाही. 15 टक्के राखून ठेवायचे म्हटले, तर हाताशी 170 किलोमीटरच उरतात.

या कुटुंबाला वॉरंटीतून काय मिळेल? काहीही नाही. बॅटरी 71 टक्क्यांवर आहे, हमी 70 ची आहे, आणि कंपनीने दिलेला शब्द पाळला आहे. पेट्रोलची टाकी आठ वर्षांनी लहान होत नाही, बॅटरीची होते, आणि ती 29 टक्के लहान होईपर्यंतचा सगळा तोटा मालकाने सोसायचा, असा या कराराचा अर्थ आहे. मला ही अट मुळात अन्यायाची वाटत नाही. लिथियमच्या बॅटरीचं थकणं कोणत्याच कंपनीला थांबवता आलेलं नाही. पण गाडी घेताना आपण 280 किलोमीटरची गाडी घेतोय असं मनाशी धरतो, तिथे आठव्या वर्षाची गरज 196 किलोमीटरमध्ये भागेल का, हा प्रश्न स्वतःला विचारायला हवा. भागत नसेल तर मोठ्या बॅटरीची गाडी बघावी.

बॅटरी थकते कशी, हे थोडक्यात सांगतो, कारण पुढच्या बऱ्याच गोष्टी त्यावर अवलंबून आहेत. सेल चार्ज होताना लिथियमचे कण एका बाजूने निघून दुसऱ्या बाजूच्या ग्रॅफाइटमध्ये जाऊन बसतात. ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर एक पातळ थर तयार होतो, आणि तो वाढत जाताना थोडं लिथियम कायमचं अडकवून ठेवतो. अडकलेलं लिथियम पुन्हा कामाला येत नाही, तेवढी क्षमता गेली. सुरुवातीला हा थर भरभर वाढतो, नंतर सावकाश. म्हणून पहिल्या वर्ष-दीड वर्षात क्षमता जास्त घसरलेली दिसली तर घाबरू नये. उष्णतेत हा थर वेगाने वाढतो, आणि बॅटरी पूर्ण भरलेल्या अवस्थेत उन्हात दिवस-दिवस उभी राहिली तर आणखी वेगाने. गाडी चालवली नाही तरी हे सुरूच राहतं. फीनिक्सच्या लीफमध्ये बॅटरी थंड ठेवण्यासाठी पाण्याचा किंवा पंख्याचा कोणताही बंदोबस्त नव्हता, आणि तिथला उन्हाळा चंद्रपूर-अकोल्याच्या मे महिन्यासारखा असतो. विदर्भातल्या ग्राहकाने म्हणूनच बॅटरीला द्रवाने थंड करण्याची व्यवस्था आहे का, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

यानंतरचा प्रश्न सगळ्यात नाजूक आहे: 70 टक्के मोजायचे कोणी आणि कसे?

गाडीतला प्रत्येक आकडा बॅटरी सांभाळणाऱ्या संगणकाकडून येतो. गाडीवाले त्याला बीएमएस म्हणतात. किती वीज आत गेली, किती बाहेर आली, सेलचा व्होल्टेज किती, यावरून तो क्षमतेचा अंदाज बांधतो. सर्व्हिस सेंटरवाला लॅपटॉप जोडून ‘एसओएच 84’ असं सांगतो, तेव्हा तो हाच अंदाज वाचून दाखवत असतो. दावा मंजूर करायचा की नाही हे मात्र कंपनी ठरवते. टेस्लाच्या वॉरंटीत तर स्पष्टच लिहिलेलं आहे, की क्षमता मोजण्याची पद्धत आणि बॅटरी दुरुस्त करायची, बदलायची की जुनी नीट केलेली द्यायची, हा निर्णय सर्वस्वी कंपनीचा. पडद्यावर दिसणारं किलोमीटरचं अंतर हे क्षमतेचं विश्वासार्ह माप नाही, असंही त्यात म्हटलं आहे. दुसरं म्हणणं रास्त आहे. एसी, टायरमधली हवा, घाटाचा रस्ता, हायवेवरचा वेग, यातल्या कशानेही एका चार्जमधलं अंतर कमी-जास्त होतं. त्यामुळे ‘आधी 280 जायची, आता 200 जाते’ ही तक्रार घेऊन गेलात, तर सर्व्हिस मॅनेजर तुम्हाला सौम्य शब्दांत परत पाठवेल. बोलणं युनिटमध्ये व्हायला हवं.

बीएमएसचा अंदाज चुकूही शकतो, विशेषतः लिथियम आयर्न फॉस्फेट म्हणजे एलएफपी प्रकारच्या बॅटरीत. भारतात स्वस्त आणि मध्यम किमतीच्या अनेक गाड्यांत हीच असते. ती उष्णतेला अधिक टिकाऊ आहे, पण तिची एक अडचण आहे. सेल 80 टक्के भरलेला असो की 40 टक्के, त्याचा व्होल्टेज जवळपास सारखाच राहतो. मग संगणकाला आत-बाहेर गेलेल्या विजेची बेरीज-वजाबाकी करत बसावं लागतं, आणि त्यात थोडी थोडी चूक साठत जाते. गाडी कित्येक आठवडे 30 ते 80 टक्क्यांच्या दरम्यानच वापरली असेल, तर दिसणारा आकडा खऱ्यापेक्षा बराच वर-खाली असू शकतो. घरच्या सावकाश चार्जरवर 100 टक्के भरून, वीज खेचणं आपोआप थांबेपर्यंत गाडी जोडलेलीच ठेवली, की संगणकाला वरचं टोक पुन्हा सापडतं. अशा दोन-तीन पूर्ण चार्जनंतर ‘गेलेली’ पाच-सहा टक्के परत आलेलीही दिसू शकतात. म्हणून क्षमतेची कोणतीही तपासणी करवून घेण्याआधी हे करावं, म्हणजे ‘आधी बॅटरी कॅलिब्रेट करा, मग या’ असं उत्तर मिळून एक फेरी वाया जाणार नाही.

मालकाला स्वतःला करता येईल अशी एक तपासणी आहे, आणि मी ती प्रत्येकाला करायला सांगेन. घरी चार्जरच्या लाइनवर इलेक्ट्रिशियनकडून एक साधा वीजमीटर बसवून घ्यावा. गाडी नवी असताना, 10 टक्क्यांपर्यंत उतरू देऊन, एका दमात 100 टक्के भरावी आणि मीटरवर किती युनिट गेले ते लिहून ठेवावं. भिंतीतून घेतलेली सगळी वीज बॅटरीत पोचत नाही, काही चार्जिंगमध्ये उष्णता होऊन जाते. म्हणून 40 युनिटच्या गाडीत 10 ते 100 टक्क्यांसाठी 36 ऐवजी मीटरवर 41 दिसतील. त्याने बिघडत नाही. दर वर्षी त्याच महिन्यात, त्याच चार्जरवर, तीच कृती करायची. समजा चौथ्या वर्षी 41 ऐवजी 34 युनिट लागले. 34 भागिले 41 म्हणजे सुमारे 83 टक्के. वाया जाणारी वीज दोन्ही वेळा जवळपास सारख्याच प्रमाणात असल्याने ती तुलनेतून गळून पडते. पडद्यावरचे 10 टक्के हाही बीएमएसचाच अंदाज असल्यामुळे ही पद्धत प्रयोगशाळेइतकी अचूक नाही, दोन-चार टक्के इकडे-तिकडे होणारच. पण चार-पाच वर्षांची अशी नोंद असेल तर घसरण कोणत्या चालीने होते आहे ते दिसतं, आणि सर्व्हिस सेंटरच्या आकड्याशी ताडून पाहायला हातात काहीतरी असतं. सर्व्हिसच्या वेळीही एसओएचचा आकडा जॉब कार्डवर लिहून मागावा. तोंडी सांगितलेल्या आकड्याचा पुढे उपयोग होत नाही.

चौथ्या वर्षी 83 टक्के असलेली ही गाडी त्याच वेगाने घसरत राहिली, तर आठव्या वर्षी 66 वर येईल आणि दावा बसेल. पण घसरण सहसा पुढे मंदावते, त्यामुळे ती 72-73 वर येऊन थांबण्याचीच शक्यता अधिक. कंपन्या ही मर्यादा आपल्या चाचण्या पाहून, बहुतेक गाड्या तिच्या वरच राहतील अशा बेताने ठेवतात. त्यामुळे सत्तर टक्क्यांच्या कलमाखाली बॅटरी मिळवणारे मालक थोडेच असतील. ते कलम निरुपयोगी आहे असं यातून निघत नाही. फीनिक्सच्या मालकांसारखी अख्खी एक खेप कच्ची निघाली, तर त्यांच्या हातात तेवढंच एक शस्त्र असतं.

प्रत्यक्षात बॅटरीच्या ज्या तक्रारी वॉरंटीत मार्गी लागतात, त्या बऱ्याचदा वेगळ्या असतात. बॅटरीत साधारण शंभर सेल एकामागोमाग जोडलेले असतात, आणि त्यातला सर्वांत कमजोर सेल रिकामा झाला की बाकीच्यांत वीज शिल्लक असूनही गाडीला थांबावं लागतं. एक सेल खराब निघाला तर साऱ्या बॅटरीची क्षमता कोसळल्यासारखी वाटते. याची लक्षणं थकव्यापेक्षा वेगळी असतात. चार्ज 22 टक्क्यांवरून क्षणात 5 वर येतो. चढावर जोर दिला की गाडी अचानक ताकद कमी करते. किंवा महिन्याभरात अंतर एकदम तीस-चाळीस किलोमीटरने घटतं. थकवा असा उड्या मारत येत नाही. ही लक्षणं दिसली तर तक्रार क्षमतेची म्हणून न लिहिता दोषाची म्हणून लिहावी. दोषाच्या कलमात सत्तर टक्क्यांची अट नसते, तिसऱ्या वर्षी 88 टक्क्यांवरही दावा करता येतो. सर्व्हिस सेंटरमध्ये प्रत्येक सेलचा व्होल्टेज पाहता येतो, आणि सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या सेलमधला फरक किती आहे हे विचारण्याचा ग्राहकाला पूर्ण अधिकार आहे. फक्त अंतर कमी झाल्याची तक्रार लिहून ‘बॅटरी मर्यादेत आहे’ असा शेरा घेऊन परत येणारे लोक इथेच फसतात.

दावा मंजूर झाला तरी नवी कोरी बॅटरी मिळेलच असं नाही. खराब मॉड्यूल बदलून, बाकीचे सेल समतोल करून, बॅटरी मर्यादेच्या वर आणून दिली की अनेक कंपन्यांची जबाबदारी संपते. टेस्ला बदली बॅटरीची क्षमता ठरवताना गाडीचं वय आणि चाललेले किलोमीटर धरते. निसानने पट्ट्या किमान 9 वर आणण्याचं कबूल केलं होतं, 12 वर नाही. म्हणजे 68 टक्क्यांवर तक्रार करून 75 टक्क्यांची बॅटरी परत आली, तरी कागदानुसार न्याय झालेला असतो. बदललेल्या भागाची वॉरंटी नव्याने सुरू होते की जुन्या आठ वर्षांतले उरलेले महिनेच मिळतात, हेही पुस्तिकेत असतं, आणि बहुधा उत्तर दुसरं असतं.

वर्षं आणि किलोमीटर यांत जे आधी संपेल तिथे वॉरंटी संपते. 1,60,000 भागिले 8 म्हणजे वर्षाला 20,000, दिवसाला साधारण 55 किलोमीटर. रोज 40 चालणाऱ्या घरगुती गाडीचे आठ वर्षांत सव्वा लाखाच्या आतच होतात, तिला आधी वर्षं संपतील. टॅक्सीचं गणित उलटं. रोज 200 किलोमीटर, वर्षाला 300 दिवस, म्हणजे दोन वर्षं आठ महिन्यांत वॉरंटी खलास. व्यावसायिक वापराच्या गाडीला बऱ्याचदा अटीही निराळ्या असतात. जुनी गाडी घेणाऱ्याने पहिल्या मालकाची वॉरंटी आपल्याकडे तशीच येते का, हे पाहावं. अलीकडे काही भारतीय कंपन्यांनी बॅटरीला ‘आजीवन’ हमी जाहीर केली आहे, पण ती पहिल्या मालकापुरती आहे.

वगळलेल्या गोष्टींत दोन आपल्याकडे वारंवार घडतात. पुराच्या पाण्यात बुडालेली बॅटरी आणि उंच गतिरोधकावर किंवा दगडावर खालून आदळलेली बॅटरी वॉरंटीत येत नाही. तो विम्याचा विषय आहे, आणि विम्याच्या कागदावर बॅटरीचं संरक्षण स्पष्ट लिहिलेलं असायला हवं. गाडी कित्येक आठवडे शून्य टक्क्यांवर उभी ठेवली, तर तेही कंपनीच्या हातात नाकारण्याचं कारण देणं आहे.

मोजमाप कंपनीच्या हातात असण्यावर युरोपने एक उपाय काढला आहे. 2022 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमावलीत बॅटरीच्या टिकाऊपणाचा जागतिक नियम संमत झाला. युरोपच्या युरो 7 नियमांनी तो पुढे नेला. नोव्हेंबर 2026 पासून नव्या मॉडेलच्या गाड्यांची बॅटरी 5 वर्षं किंवा 1 लाख किलोमीटरला 80 टक्के आणि 8 वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटरला 72 टक्के उरली पाहिजे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे उरलेल्या क्षमतेचा आकडा मालकाला गाडीत वाचता आला पाहिजे, आणि तो खरा आहे का हे सरकारी यंत्रणा रस्त्यावरच्या गाड्या घेऊन तपासू शकते. पाचव्या वर्षाची पायरी मला विशेष पटते. नुसत्या आठव्या वर्षाच्या मर्यादेत तिसऱ्या वर्षी 74 वर आलेल्या गाडीच्या मालकाला काही म्हणता येत नाही, पाचव्या वर्षी 80 ची अट असेल तर म्हणता येतं. आपल्याकडेही हा आकडा प्रत्येक गाडीच्या पडद्यावर असलाच पाहिजे. रस्त्यावर उभ्या असलेल्या गाडीची किंमत त्या एका आकड्यावर ठरते आणि तो मालकालाच दिसत नाही, ही स्थिती फार काळ चालू देण्यासारखी नाही.

तोपर्यंत आठव्या वर्षाचं काम मालकानेच वेळेवर करायचं आहे. वॉरंटी संपायच्या चार-पाच महिने आधी, शक्यतो उन्हाळा-हिवाळ्याच्या मधल्या सौम्य दिवसांत, दोन पूर्ण सावकाश चार्ज करून घरच्या मीटरवर मोजावं. आकडा 75 च्या खाली दिसला तर सर्व्हिस सेंटरकडे क्षमता चाचणीची मागणी ईमेलने करावी. ही चाचणी म्हणजे बॅटरी पूर्ण रिकामी करून पूर्ण भरणं, त्यात दिवस जातो आणि त्याआधी तारीख मिळायला आठवडे जातात. मागणीची तारीख वॉरंटीच्या आतली असणं यात कळीचं आहे, कारण मुदत संपल्यावर तीन दिवसांनी 69 टक्के निघाले तर आधीची लेखी मागणीच कामी येते. अहवाल लेखी घ्यावा, त्यावर 100 टक्के म्हणून कोणता आकडा धरला आहे ते लिहून घ्यावं, माहितीपत्रकातला 40 की प्रत्यक्ष वापरता येणारा 38. 70 टक्क्यांची रेषा एकात 28 युनिटवर पडते, दुसऱ्यात 26.6 वर. दावा नाकारला तर कारण लेखी मागावं. मग 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, आणि तिथे न सुटल्यास जिल्हा ग्राहक आयोगात कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जाता येतं. आयोगासमोर मांडायला तेव्हा जॉब कार्डांवरचे आकडे, घरच्या मीटरची दरवर्षीची नोंद आणि ती ईमेल एकत्र लागतील.